पितृपक्षातला हप्ता

विमा एजंटच्या वर्षाला दोन टोकं असतात. एका टोकाला मार्च. त्या महिन्यात शाखेत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात आणि एका महिन्यात इतर चार महिन्यांएवढं कमिशन लागतं. दुसऱ्या टोकाला मे ते सप्टेंबर. लग्नं, शाळा, पेरण्या, गणपती आणि पितृपक्ष असं एकामागोमाग चालू असतं आणि नवी पॉलिसी काढायला कुणालाच सवड नसते. प्राप्तिकर खात्याचं वेळापत्रक मात्र हा चढउतार ओळखत नाही. वर्षभराच्या कराचे 15 टक्के 15 जूनपर्यंत, 45 टक्के 15 सप्टेंबरपर्यंत, 75 टक्के 15 डिसेंबरपर्यंत आणि पूर्ण कर 15 मार्चपर्यंत भरायचा असतो. हे आकडे चढत्या बेरजेचे आहेत, म्हणजे सप्टेंबरचे 45 टक्के जूनचे 15 धरून. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर दहा हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर हे हप्ते चुकत नाहीत.

दुकानदाराला किंवा डॉक्टरला एक सोय आहे. ठोक अंदाजित उत्पन्नाची योजना घेतली तर चार हप्त्यांऐवजी सगळा कर एकदम 15 मार्चपर्यंत भरता येतो. कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ती योजना कायद्यानेच लागू नाही. आमच्यासारख्यांना खराखुरा खर्च मांडून, खरा नफा काढून, चारही हप्ते सांभाळावे लागतात. म्हणून एजंटच्या घरचं महिन्याचं बजेट हा जरा वेगळा प्रकार आहे, आणि तो मला इथे नीट उलगडून दाखवायचा आहे. मी साताऱ्यात हे काम करते. खालचं वर्ष 2025-26 चं आहे. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण त्यांचा आकार माझ्या वर्षाचाच आहे.

आमचं कमिशन दोन प्रकारचं. जुन्या पॉलिसींचे प्रीमियम भरले गेले की त्यावर मिळतं ते रिन्युअल कमिशन. ते थोडं थोडं, पण बाराही महिने येतं. नव्या पॉलिसीवर मिळतं ते पहिल्या वर्षाचं कमिशन. त्याचा दर मोठा, पण ते कधी येईल याचा नेम नाही. घर रिन्युअलवर चालतं आणि शिल्लक पडते ती नव्या धंद्यातून. हा फरक डोक्यात पक्का असला की पुढचा हिशेब सोपा जातो.

माझं वर्ष असं धरा. एप्रिलला एक लाख दहा हजार, मेला 95 हजार, जूनला 90 हजार. पावसाळ्यात लाखाच्या आसपास. सप्टेंबरला 85 हजार, म्हणजे वर्षातला तळ. दिवाळीनंतर चढ सुरू होतो: डिसेंबरला दीड लाख, जानेवारीला एक लाख 90 हजार, फेब्रुवारीला दोन लाख 40 हजार आणि मार्चला तीन लाख 75 हजार. एकूण अठरा लाख. खर्च चार लाख: मदतनीस मुलीचा पगार, ऑफिसची छोटी खोली, पेट्रोल, फोन आणि डिसेंबरात वाटायच्या डायऱ्या-कॅलेंडरं. उरले चौदा लाख.

नव्या करप्रणालीत 2025-26 साठी पहिल्या चार लाखांवर कर नाही. चार ते आठ लाखांवर पाच टक्के म्हणजे वीस हजार, आठ ते बारावर दहा टक्के म्हणजे चाळीस हजार आणि बाराच्या वरच्या दोन लाखांवर पंधरा टक्के म्हणजे तीस हजार. एकूण नव्वद हजार. त्यावर चार टक्के उपकर लावला की 93,600. अठरा लाखांच्या कमिशनवर कंपनीने दोन टक्क्यांनी कापलेला टीडीएस 36,000. माझ्या हातून भरायचे राहिले 57,600.

इथे जरा थांबायला हवं, कारण बऱ्याच एजंटांच्या घरी गोंधळ झाला तो याच जागी. विमा कमिशनवरचा टीडीएस 31 मार्च 2025 पर्यंत पाच टक्के होता. 1 एप्रिल 2025 पासून तो दोन टक्के झाला. खात्यात जमा होणारी रक्कम अचानक वाढली आणि ती कमाई वाढल्यासारखीच दिसली. पण हाच हिशेब पाच टक्क्यांनी करून पाहा. टीडीएसच नव्वद हजार झाला असता, भरायचे राहिले असते 3,600, आणि ते दहा हजारांच्या खाली असल्याने ॲडव्हान्स टॅक्सचा प्रश्नच उद्भवला नसता. म्हणजे आजवर ज्या एजंटला 15 जून ही तारीख माहीतही नव्हती, त्याच्यावर त्याच उत्पन्नात आता साडेसत्तावन्न हजारांचे चार हप्ते येतात. कर वाढलेला नाही. तो बाजूला ठेवण्याचं काम तेवढं कंपनीकडून आपल्याकडे आलं आहे. आमच्या शाखेतले एक जुने एजंट काका जून महिन्यात मला म्हणाले, “ताई, यंदा कमिशन बरं पडतंय.” मी त्यांना एप्रिलचं बिल काढायला सांगितलं आणि वरची एकूण रक्कम, कापलेली रक्कम, हातात आलेली रक्कम असं तिन्ही बोट ठेवून दाखवलं. एकूण रक्कम गेल्या एप्रिलएवढीच होती.

म्हणून पहिला नियम असा की हिशेब बँकेच्या एसएमएसवरून मांडायचा नाही, कमिशन बिलावरच्या एकूण रकमेवरून मांडायचा. कर एकूण रकमेवरच्या नफ्यावर लागतो, खात्यात पडलेल्या रकमेवर नाही.

आता बाजूला किती ठेवायचं? सरळ मनात येणारं उत्तर म्हणजे 57,600 भागिले अठरा लाख, म्हणजे शंभराला तीन रुपये वीस पैसे. प्रत्येक बिलातून सव्वातीन टक्के काढले की झालं. वर्षाच्या बेरजेला हे उत्तर बरोबर आहे, पण एजंटच्या वर्षात ते चालत नाही. 15 सप्टेंबरला 45 टक्के म्हणजे 25,920 रुपये भरलेले असायला हवेत. ऑगस्टअखेर माझं कमिशन झालेलं असतं पाच लाख. त्याच्या 3.2 टक्क्यांनी जमलेले असतात सोळा हजार. जवळपास दहा हजार कमी. डिसेंबरला तर ही फट सोळा हजारांवर जाते, कारण तोवर वर्षाचं निम्मंही कमिशन आलेलं नसतं आणि पाऊण कर भरायचा असतो.

कारण उघड आहे. वर्षाचा नफा बारा महिन्यांत सारखा होतो असं धरून हप्ते आखले आहेत, आणि आमचा नफा शेवटच्या चार महिन्यांत होतो. शेअर विकून झालेला नफा किंवा लाभांश वर्षाच्या शेवटी आला, तर आधीच्या हप्त्यांवरचं व्याज माफ होतं, कारण तो आधी ओळखता येत नाही हे कायदा मान्य करतो. कमिशनला ही सवलत नाही. मार्चमध्ये घेतलेली पॉलिसी जूनमध्येच ठाऊक असायला हवी होती, असा हिशेब होतो. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि एजंटांच्या संघटनांनी टीडीएसच्या दराइतकाच आवाज यासाठीही उठवायला हवा. पण नियम आहे तोवर बजेट त्याला धरूनच करायचं.

तेव्हा टक्केवारी उलटी लावावी लागते: कमाई कमी असलेल्या महिन्यांत जास्त टक्के आणि जास्त असलेल्या महिन्यांत कमी. माझ्या आकड्यांत एप्रिल ते नोव्हेंबर प्रत्येक बिलाच्या एकूण रकमेतून साडेपाच टक्के काढले की चारही तारखांना पुरतात. मेअखेर सव्वाअकरा हजार जमतात, लागतात 8,640. ऑगस्टअखेर साडेसत्तावीस हजार, लागतात 25,920. नोव्हेंबरअखेर साडेशेहेचाळीस हजारांच्या जवळ, लागतात 43,200. डिसेंबर ते फेब्रुवारी दोन टक्के काढले तरी मार्चचा हप्ता पूर्ण होतो. मार्चच्या मोठ्या बिलातून अंदाजाच्या आत असलेल्या रकमेला काहीच काढावं लागत नाही.

हे आकडे माझे आहेत. दुसऱ्याने आपले काढायला गेल्या दोन-तीन वर्षांची बिलं महिनावार एका कागदावर मांडावीत आणि प्रत्येक हप्त्याच्या तारखेआधी किती टक्के कमिशन येऊन गेलेलं असतं ते पाहावं. माझं ऑगस्टपर्यंत 28 टक्के येतं आणि तोवर कर 45 टक्के मागतो. त्या दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं, तितकी सुरुवातीच्या महिन्यांतली टक्केवारी चढी ठेवायची.

काढलेले पैसे ठेवायचे कुठे, यावर माझं मत ठाम आहे. वेगळं बचत खातं, शक्यतो वेगळ्या बँकेत, यूपीआयला न जोडलेलं. कमिशन ज्या खात्यात येतं तिथून बिल आलं त्याच दिवशी करखात्यात रक्कम वळवायची. घरखर्चासाठी तिसरं खातं, आणि त्यात दर महिन्याला ठरलेली एकच रक्कम पाठवायची, मग बिल 85 हजारांचं असो की पावणेचार लाखांचं. माझ्या घरी ही रक्कम 75 हजार आहे. आम्ही घरात तिला पगारच म्हणतो.

हा पगार देताना कमी कमिशनच्या महिन्यांत काय होतं ते जूनवर पाहू. बिल 90 हजारांचं. टीडीएस 1,800 गेला, खात्यात 88,200 आले. करखात्यात साडेपाच टक्क्यांनी 4,950. धंद्याचा महिन्याचा ठरलेला खर्च 25 हजार. उरतात 58,250, आणि पगार द्यायचा आहे 75 हजार. पावणेसतरा हजार कमी. मे ते सप्टेंबर प्रत्येक महिन्यात कमी-जास्त अशी तूट येते आणि तिची बेरीज साधारण साठ हजारांवर जाते. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, रेनकोट हे सगळं याच काळात येतं. करखात्यातून “तात्पुरते” पैसे उचलण्याचा मोह होतो तो याच महिन्यांत, कारण तिथे पैसे दिसत असतात आणि हप्त्याची तारीख लांब वाटते. करखातं शिस्तीमुळे टिकतं असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. घरखात्याला आधार असेल तरच करखातं टिकतं. म्हणून मार्चच्या बिलातून सगळ्यात आधी साठ हजार “पावसाळ्यासाठी” म्हणून धंद्याच्या खात्यात अडकवून ठेवायचे. ते मुदत ठेवीत घातले आणि मे महिन्यापासून मोडत गेलं तरी चालेल. ते असतील तर जूनमध्ये कुणी करखात्याकडे बघत नाही.

2025 चा सप्टेंबर या सगळ्याची परीक्षा पाहणारा ठरला. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती आणि विसर्जन 6 सप्टेंबरला. त्यानंतर लगेच पितृपक्ष, 21 तारखेच्या सर्वपित्री अमावास्येपर्यंत. आमच्या भागात पितृपक्षात नवी पॉलिसी घेणारा विरळाच. आयुष्याच्या विम्याचा विषय त्या पंधरवड्यात घरात काढायलाही लोकांना नको वाटतं, आणि मीही काढत नाही. हे दरवर्षीचंच. त्या वर्षी भर पडली ती जीएसटी परिषदेच्या निर्णयाची. 3 सप्टेंबरला जाहीर झालं की वैयक्तिक आयुर्विम्याच्या प्रीमियमवरचा जीएसटी 22 सप्टेंबरपासून शून्य होणार. तोवर मुदत विम्यावर अठरा टक्के आणि बचतीच्या पॉलिसींवर पहिल्या वर्षी साडेचार टक्के कर होता. बातमी आली तशी ग्राहकांनी फोन करून सांगायला सुरुवात केली, “ताई, बावीसनंतर बघू.” त्यांचं बरोबरच होतं. मीसुद्धा त्यांना थांबायलाच सांगितलं. अठरा टक्के वाचत असताना घाईने सही घेणं मला जमलं नसतं.

थोडक्यात, महिन्याचे पहिले तीन आठवडे नवा धंदा जवळजवळ बंद राहिला आणि आलं ते बहुतेक रिन्युअलचंच. त्याच तीन आठवड्यांच्या मधोमध 15 तारीख आली. हप्ता होता 17,280 रुपयांचा, म्हणजे 25,920 वजा जूनमध्ये भरलेले 8,640. सप्टेंबरच्या कमिशनकडे बघून तो भरायचा म्हटलं असतं तर अवघड होतं. पण त्याची रक्कम एप्रिल ते ऑगस्टच्या बिलांतून आधीच निघालेली होती. हप्ता भरायच्या महिन्याच्या कमाईतून हप्ता भरायचा नाही, हा या पद्धतीचा गाभा आहे. घटस्थापना 22 तारखेलाच होती. तिथून थांबलेली प्रपोजल एकदम आली आणि त्यांचं कमिशन ऑक्टोबरच्या बिलात दिसलं. ऑक्टोबर एक लाख 45 हजारांवर गेला आणि दोन महिन्यांची बेरीज जवळपास अंदाजाइतकीच राहिली.

एखाद्याला सप्टेंबरमध्ये खरंच पैसे कमी पडले, तर त्याला एक गोष्ट माहीत असावी. पहिल्या दोन हप्त्यांना कायद्यात थोडी सूट आहे. जूनमध्ये 15 ऐवजी किमान 12 टक्के आणि सप्टेंबरमध्ये 45 ऐवजी किमान 36 टक्के भरलेले असतील, तर त्या हप्त्यावर व्याज लागत नाही. माझ्या आकड्यांत सप्टेंबरला 25,920 ऐवजी 20,736 भरले तरी निभावतं. डिसेंबर आणि मार्चला ही सूट नाही. ही सूट मी खर्चात धरत नाही, अंदाज चुकला तर उपयोगी पडावी म्हणून राखून ठेवते.

प्रत्यक्ष भरणा ई-फायलिंगच्या संकेतस्थळावर `e-Pay Tax` मध्ये जाऊन होतो. तिथे `Advance Tax (100)` निवडायचं आणि आकारणी वर्ष नीट पाहायचं. 2025-26 मध्ये कमावलेल्या पैशांचं आकारणी वर्ष 2026-27 असतं. सवयीने 2025-26 निवडलं तर पैसे सरकारकडे जातात पण गेल्या वर्षाच्या नावावर, आणि यंदाचा हप्ता थकीतच दिसतो. चलन निघाल्यावर काही दिवसांनी फॉर्म 26एएसमध्ये ती रक्कम योग्य वर्षाखाली आली का, हे पाहिलं की ही चूक लगेच सापडते. त्याच पानावर कंपनीने कापलेला टीडीएसही दिसतो. माझ्या बिलांची बेरीज आणि तिथली बेरीज दर तिमाहीला जुळवून घ्यावी. मार्चअखेरचं कमिशन कधीकधी एप्रिलमध्ये हातात पडतं, पण टीडीएस मार्चच्या नावावर दिसतो. तसं असेल तर ते उत्पन्न जुन्या वर्षातच धरायचं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी अंदाज नव्याने मांडते. वर्षातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. मार्चला तीन लाख 75 हजार येतील हे एप्रिलमध्ये लिहिलेलं असतं, पण मार्च पूर्वीचा राहिलेला नाही. पगारदार माणूस कर वाचवायला मार्चमध्ये पॉलिसी घ्यायचा. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, आणि 2023-24 पासून आपोआप लागू होणारी प्रणाली तीच आहे. त्यामुळे घाईने येणारा ग्राहक दरवर्षी थोडा घटतो आहे. जो येतो तो विम्यासाठी येतो, हे मला आवडतं. पण अंदाज करताना गेल्या मार्चचा आकडा तसाच उचलून चालत नाही. जानेवारी ते मार्चमध्ये कोणकोणत्या घरी बोलणं चालू आहे, त्यातली किती प्रपोजल खरोखर होतील, हे नावानिशी लिहून काढलं की आकडा जवळ येतो. मुदत ठेवींचं व्याजही याच वेळी मिळवायचं. बँक त्यावर दहा टक्के कापते, माझा वरच्या थरातला कर उपकरासह 15.6 टक्के पडतो, आणि मधला फरक माझ्याच हप्त्यात यावा लागतो.

अंदाज खाली आला तर एक विचित्र पट्टा लागतो. करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य. बारा लाख पन्नास हजार झालं तर कराचा हिशेब 67,500 येतो, पण बारा लाखांवर जितकं कमावलं त्याहून जास्त कर घेऊ नये असा नियम आहे, म्हणून तो पन्नास हजारांवर थांबतो. वर उपकर दोन हजार. म्हणजे बारा लाख आणि सुमारे बारा लाख सत्तर हजार यांच्या मधला प्रत्येक रुपया पूर्णच करात जातो, वर उपकर वेगळा. या पट्ट्यात वर्ष संपणार असं डिसेंबरमध्ये दिसलं, तर धंद्याचा खरा, लागणारच असलेला खर्च पुढे ढकलू नये. ऑफिसची दुरुस्ती, मदतनिसाचा बोनस, पुढच्या वर्षाच्या डायऱ्या यंदाच कराव्यात. एजंटाचं वर्ष बारा लाखांच्या आत राहणार असेल, तर हप्ते भरण्याची गरजच नाही. कापला गेलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मिळतो.

खर्चाबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण ते आमच्या धंद्यात उघड बोललं जात नाही. पहिल्या प्रीमियममधला काही भाग एजंटने स्वतः भरायचा, किंवा कमिशनमधून ग्राहकाला परत द्यायचा, ही मागणी अजून होते. 1938 च्या विमा कायद्याच्या 41 व्या कलमाने अशी सूट देणं बंद आहे. आणि कायद्याने बंद असलेला खर्च प्राप्तिकरातही खर्च म्हणून धरला जात नाही. वीस हजार असे दिले तर खिशातून वीस हजार जातातच, शिवाय त्या वीस हजारांवर 3,120 रुपये कर माझ्याकडून घेतला जातो. ज्यांचं बजेट मार्चनंतर जुळत नाही अशा एजंटांसोबत कागद घेऊन बसलं की भोक बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आता मार्च. 15 तारखेला पूर्ण कर भरायचा, आणि धंद्याचे सर्वांत गजबजलेले सोळा दिवस अजून बाकी. त्यामुळे मार्चची 15 तारीख नेहमी अंदाजावरच भरली जाते. पण अंदाजाबाहेरच्या रुपयाला टक्केवारी वेगळी लावायची, हे इथे विसरता कामा नये. वर्षाची सरासरी 3.2 टक्के होती, कारण चौदा लाखांतले पहिले चार लाख करमुक्त होते आणि अठरातले चार लाख खर्चाचे होते. अंदाजाबाहेर आलेल्या रुपयाला करमुक्त थर उरलेला नसतो आणि खर्चही आधीच झालेला असतो. त्यावर 15.6 टक्के कर, वजा दोन टक्के टीडीएस, म्हणजे 13.6 टक्के बाजूला काढायचे. मी चौदा धरते.

समजा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पन्नास हजारांचं कमिशन अंदाजापेक्षा जास्त आलं. त्यावर कर 7,800, टीडीएस 1,000, भरायचे राहिले 6,800. ही रक्कम 31 मार्चपर्यंत भरली तर ती ॲडव्हान्स टॅक्समध्येच धरली जाते. आधीच्या हप्त्यांवर काय परिणाम झाला ते पाहू. वर्षाचा माझा भरणा आता 64,400 झाला. जूनमध्ये मी 8,640 भरले होते, म्हणजे 13 टक्क्यांहून थोडे जास्त. बारापेक्षा वर असल्याने व्याज नाही. सप्टेंबरपर्यंतचे 25,920 म्हणजे चाळीस टक्के. छत्तीसच्या वर, तिथेही व्याज नाही. राखून ठेवलेली सूट इथे कामाला आली. डिसेंबरला 48,300 हवे होते, भरले 43,200. कमी पडलेल्या 5,100 वर महिना एक टक्क्याने तीन महिन्यांचं व्याज 153 रुपये. मार्चच्या हप्त्यात कमी पडलेल्या 6,800 वर एका महिन्याचं 68 रुपये. एकूण 221 रुपये. पन्नास हजार जास्त मिळाले त्याच्यापुढे हे काहीच नाही.

हप्ते अजिबात न भरणाऱ्यालाही व्याज फार भयंकर लागत नाही, हेही खरं सांगायला हवं. 57,600 मधला एकही रुपया वेळेत भरला नाही आणि सगळे जुलैमध्ये भरले, तर चार हप्त्यांचं व्याज 2,907 आणि एप्रिल ते जुलै असं चार महिन्यांचं दुसरं व्याज 2,304 मिळून पाच हजार दोनशेच्या आसपास जातात. कुणी म्हणेल, एवढंच ना, भरू. पण जुलैमध्ये ते साडेसत्तावन्न हजार हातात असावे लागतात, आणि मार्चचं कमिशन तोवर शाळेच्या फीत आणि घराच्या गळतीत जिरलेलं असतं. त्या महिन्यात बिल लाखाचं, घरखर्च पाऊण लाखाचा. मग वैयक्तिक कर्ज निघतं आणि त्याचा दर प्राप्तिकर खात्याच्या महिना एक टक्क्यापेक्षा बहुधा चढाच असतो. बाजूला ठेवायचं ते या जुलैसाठी, व्याजाच्या भीतीने नाही.

नव्या एजंटांसाठी एक शेवटची गोष्ट. धंद्याचं उत्पन्न पहिल्यांदाच सुरू झालं असेल आणि त्यामुळे आधीचे हप्ते कमी पडले असतील, तर त्या कमतरतेवर हप्त्यांचं व्याज लागत नाही. अट एवढीच की उत्पन्न सुरू झाल्यानंतरच्या हप्त्यांतून, आणि हप्ते संपले असतील तर 31 मार्चपर्यंत, त्यावरचा कर पूर्ण भरलेला हवा. त्यामुळे पहिल्या वर्षी टक्केवारीच्या फार मागे लागू नये. करखातं उघडावं, प्रत्येक बिलाची एकूण रक्कम आणि टीडीएस महिनावार वहीत उतरवावा. दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये टक्केवारी ठरवायला ही वहीच लागते.